वीज येते, पण वेळ परत येते का?

आमच्या नागपुरात आता बऱ्याच घरांत एक छोटा संगणक दिसू लागला आहे. घरातला एखादा कॉलेजात जाणारा मुलगा रास्पबेरी पाय नावाचे तळहाताएवढे यंत्र आणतो, त्याला स्पीकर जोडतो. मग ते यंत्र पाच वेळा अजान ऐकवते, रमजानमध्ये सहरीला उठवते आणि रात्री नातेवाइकांना दुसऱ्या दिवशीच्या वेळा पाठवते. महिनाभर सगळे सुरळीत चालले की घरच्यांचा त्यावर विश्वास बसतो आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे कुणी बघेनासे होते. धोका इथूनच सुरू होतो. वीज गेल्यावर यंत्र गप्प बसले, तर निदान आपल्याला कळते. वीज आल्यावर ते चुकीच्या वेळी आत्मविश्वासाने बोलू लागले, तर कळत नाही.

असे का होते, ते आधी समजून घेऊ. आपल्या लॅपटॉपमध्ये घड्याळासाठी वेगळी सोय असते. तो बंद असला तरी आतले घड्याळ चालू राहते. रास्पबेरी पायच्या चौथ्या पिढीपर्यंतच्या यंत्रांत ही सोयच नाही. पाचव्या पिढीत घड्याळ आहे, पण त्याची छोटी बॅटरी वेगळी घेऊन जोडावी लागते. बॅटरी नसेल तर वीज गेली की वेळ थांबते. यंत्र पुन्हा सुरू झाले की शेवटची लिहून ठेवलेली वेळ धरून पुढे मोजू लागते आणि इंटरनेट मिळाले की ती दुरुस्त करून घेते. म्हणजे वीज आली आणि नेट आले नाही, तर घड्याळ मागे राहते.

एक उदाहरण घेऊ. समजा मार्चमधला रोजा आहे आणि सहरीची वेळ 5 वाजून 10 मिनिटांनी संपते. पहाटे 4 वाजता वीज गेली, 4 वाजून 20 मिनिटांनी आली. यंत्राने शेवटची वेळ 3 वाजून 50 मिनिटांनी लिहून ठेवली होती, म्हणून ते तिथूनच मोजू लागले. आता ते बरोबर 30 मिनिटे मागे आहे. नेट अजून बंद. घरात सगळे निवांत जेवत आहेत, कारण फज्रची अजान झालेली नाही. ती होईल तेव्हा खरी वेळ 5 वाजून 40 मिनिटे असेल. वीज चार तास गेली असती, तर बाहेरचा उजेड पाहून कुणालाही शंका आली असती. वीस मिनिटांच्या खंडानंतर कुणी शंका घेत नाही. म्हणून छोटा खंडच जास्त घातक.

यावरचा पहिला इलाज स्वस्त आहे. `DS3231` नावाचे घड्याळाचे छोटे मोड्यूल मिळते. त्यात नाण्याच्या आकाराची बॅटरी बसते आणि वर्षभरात त्याची चूक साधारण एका मिनिटाच्या आसपास राहते. ते यंत्राच्या पिनांवर बसवायचे आणि `/boot/firmware/config.txt` या फाइलमध्ये ही एक ओळ घालायची:

```
dtoverlay=i2c-rtc,ds3231
```

दुसरा इलाज विजेचा. घरी इन्व्हर्टर असला तरी वीज जाताना क्षणभर खंड पडतो आणि तेवढ्यात यंत्र पुन्हा सुरू होते. बऱ्याच इन्व्हर्टरवर एक बटण असते, ते ‘यूपीएस’ बाजूला ठेवले की हा खंड कमी होतो. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी 12 व्होल्टचा मिनी यूपीएस घ्यावा. आपल्या राउटरच्या अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर किती लिहिले आहेत, ते पाहूनच घ्यावा. फायबरचा डबा राउटरपासून वेगळा असेल तर तोही बॅटरीवर हवा. नाहीतर राउटरचे दिवे लागलेले दिसतील आणि नेट मात्र नसेल.

आता दुसऱ्या जोडणीकडे येऊ. महिन्याचे वेळापत्रक आणि अजानची ध्वनिफीत यंत्रातच साठवून ठेवली, तर नेटची गरज फक्त वेळ तपासायला आणि निरोप पाठवायला उरते. तेवढ्यासाठी घरात पडलेला जुना मोबाइल पुरतो. त्यात सिम मात्र ब्रॉडबँडपेक्षा वेगळ्या कंपनीचे घालावे, म्हणजे एकाच बिघाडात दोन्ही जाणार नाहीत. इथे एक खाच आहे. बाहेरची फायबर तुटली तरी घरातले वायफाय चालूच असते, त्यामुळे यंत्राला वाटते की नेट आहे आणि ते मोबाइलकडे वळतच नाही. म्हणून यंत्राने दर मिनिटाला बाहेरचा एखादा पत्ता गाठून पाहावा. सलग तीनदा उत्तर नाही आले तर मोबाइलकडे वळावे. पहिली जोडणी दहा मिनिटे नीट चालली, मगच तिच्याकडे परतावे. नाहीतर ते मिनिटामिनिटाला इकडून तिकडे उड्या मारत राहते.

मोबाइलच्या नेटची आणखी एक गंमत आहे, आणि ती महाग पडू शकते. काही प्रोग्राम नेटवरून आपले गाव ओळखतात, आणि मोबाइलच्या नेटवर ते कधी कधी भलतेच शहर धरतात. नागपूर मुंबईच्या बरेच पूर्वेला आहे, त्यामुळे इथे सूर्य साधारण 25 मिनिटे आधी माथ्यावर येतो. यंत्राने मुंबई धरली, तर सहरीत पुन्हा तीच अडचण. म्हणून गाव आपोआप ओळखण्याची सोय बंद करून अक्षांश 21.15 आणि रेखांश 79.09 हाताने लिहून ठेवावेत.

शेवटी, पुन्हा सुरू झाल्यावर यंत्राने कसे वागावे? पहिली गोष्ट, वेळेची खात्री होईपर्यंत अजान देऊ नये. ‘वेळ तपासा’ एवढेच ऐकवावे किंवा लाल दिवा लावावा. दुसरी गोष्ट, राहून गेलेले काम करायचे की सोडायचे, हे कामागणिक ठरवावे. जुहरची अजान चुकली असेल तर वीज आल्यावर अडीच वाजता ती देण्यात अर्थ नाही. वेळ टळून पाच मिनिटांहून जास्त झाली असतील, तर गप्प राहणेच बरे. घरच्या फोटोंची रात्रीची प्रत मात्र उशिरा का होईना, घ्यायलाच हवी. अशा कामाच्या टायमरमध्ये `Persistent=true` ही ओळ घालतात. अजानच्या टायमरमध्ये ती चुकूनही घालू नये.

तिसरी गोष्ट नोंदीची. निरोप गेला की लगेच ‘आजचा गेला’ अशी नोंद यंत्राने लिहून ठेवावी आणि पुढच्या वेळी आधी ती पाहावी. पावसाळ्यात वीज दहा मिनिटांत चारदा येते-जाते. नोंद नसेल तर नानींना तोच निरोप चारदा जातो.

हे सगळे रमजानच्या आधी एका दुपारी तपासून घ्यावे. राउटर आणि मोबाइलचे नेट बंद करा, यंत्राची वायर काढा, वीस मिनिटांनी पुन्हा लावा आणि हातातल्या घड्याळाशी वेळ ताडून पाहा. `timedatectl` हा आदेश दिला की यंत्राची वेळ पडद्यावर दिसते. नेट परत जोडल्यावर काही वेळाने तिथेच `System clock synchronized: yes` दिसायला हवे. मिनिटाचाही फरक पडत नसेल तर यंत्र तयार आहे. तरी मोहल्ल्याच्या मशिदीचा छापील तक्ता भिंतीवरून काढू नका. त्याला विजेची गरज नाही.