‘वन ऑफ माय फ्रेंड्स’नंतर ‘इज’च

‘वन ऑफ माय फ्रेंड्स’ या शब्दांनंतर इंग्रजीत ‘इज’ येते, ‘आर’ येत नाही. शाळेत हा नियम सहसा पाठ करून घेतला जातो आणि तो तसाच विसरलाही जातो. वास्तविक रायपूरच्या मराठी घरातील मुलाला तो आधीच येत असतो. ‘माझ्या मित्रांपैकी एक जण भिलाईला राहतात’ असे ते मूल कधी म्हणत नाही. ‘मित्र’चे ‘मित्रांपैकी’ झाले की हा शब्द कर्ता नाही हे कानाला लगेच कळते. इंग्रजीत ‘ऑफ’नंतरही ‘फ्रेंड्स’चे रूप बदलत नाही, शिवाय ते क्रियापदाला खेटून बसते, म्हणून ‘आर’ तोंडून निसटते. तेव्हा आधी मराठी वाक्य बोलून पाहावे आणि मग इंग्रजी क्रियापद निवडावे.

मात्र उदाहरण निवडताना काळजी हवी. ‘माझ्या शिक्षकांपैकी एक जण भिलाईला राहतात’ हे वाक्य मराठीत अगदी बरोबर आहे, कारण ते आदरार्थी बहुवचन आहे. हिंदीतही आदराने ‘रहते हैं’ म्हणतात, त्यामुळे रायपूरच्या मुलाला घर आणि बाजार दोन्हीकडून बहुवचनच ऐकू येते. इंग्रजी क्रियापद असा आदर दाखवत नाही. तेथे ‘वन ऑफ माय टीचर्स लिव्ज इन भिलाई’ असेच म्हणावे लागते. म्हणून पहिला पाठ मित्रांवर घ्यावा आणि शिक्षक, काका, आजोबा यांची वाक्ये नंतर वेगळी समजावावीत.

‘नंबर’चा घोळही मराठीतून सुटतो. ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स’ म्हणजे बरेच विद्यार्थी. ‘बरेच विद्यार्थी आले आहेत’, म्हणून ‘हॅव कम’. ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स’ म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या. ‘संख्या वाढली आहे’, म्हणून ‘हॅज गॉन अप’. शंका आली तर क्रिया कोण करते ते पाहावे: येतात, बसतात, अर्ज करतात ते विद्यार्थी, आणि वाढते किंवा घटते ती संख्या. साध्या भूतकाळात ‘केम’ दोन्ही वचनांना चालते, त्यामुळे तेथे चूक दिसत नाही. सराव ‘इज-आर’, ‘हॅज-हॅव’ आणि ‘वॉज-वेअर’ यांवरच घ्यायला हवा.

हा घोळ उलट दिशेने मराठीतही शिरतो. ‘विद्यार्थ्यांची मोठी संख्या उपस्थित होती’ हे इंग्रजीवरून उचललेले वाक्य बातम्यांत छापले जाते. उपस्थित असतात ते विद्यार्थी, संख्या नव्हे. ‘विद्यार्थी मोठ्या संख्येने उपस्थित होते’ ही सरळ मराठी आहे आणि वृत्तपत्रांनी तीच छापावी.

— एक वाचक, रायपूर