विश्लेषण : तरुण पुण्याला, म्हातारे गावात, अवलंबित्वाचे गणित कुठे चुकते?

अहिल्यानगर-सोलापूर रस्त्यावरच्या मिरजगावसारख्या गावातला तरुण पुण्याला कामाला गेला, की त्याचे आई-वडील गावातच राहतात. वृद्धांसाठीच्या योजना मात्र राज्याच्या सरासरीवर आखल्या जातात. त्या सरासरीत हे गाव दिसत नाही.

अवलंबित्व गुणोत्तर म्हणजे काय?

१५ ते ५९ वयोगटातील दर १०० व्यक्तींमागे साठी ओलांडलेले किती, याला वृद्ध अवलंबित्व गुणोत्तर म्हणतात. देशात २०११ मध्ये ते सुमारे १४ होते. २०३१ पर्यंत ते २० वर जाईल, असा सरकारी अंदाज आहे. महाराष्ट्रात २०११ मध्येच जवळपास १० टक्के लोक साठीपुढचे होते.

गावात काय बदलते?

एक काल्पनिक गाव घेऊ. लोकसंख्या ५,०००. त्यात १५ ते ५९ वयाचे ३,२०० आणि साठीपुढचे ७००. गुणोत्तर झाले २२. आता कमावत्या वयातले ५०० जण चाकण-पुण्याला गेले, तर तेच गुणोत्तर २६ होते. गावात एकही वृद्ध वाढला नाही, तरी आधार देणारे हात कमी झाले. मतदार यादीत हे कळत नाही, कारण बाहेर गेलेल्यांपैकी अनेकांची नावे गावातच असतात.

या आकड्याची मर्यादाही आहे. सत्तरीतही धारा काढणारी, खुरपायला जाणारी आजी त्यात ‘अवलंबून’ धरली जाते.

पेन्शन आणि दवाखाना

ही आजी काम थांबवू शकत नाही, कारण शेतमजुराला पेन्शन नसते. उरते श्रावणबाळ योजना. तिचे दरमहा १,५०० रुपये ६५ व्या वर्षापासून मिळतात, म्हणजे गुणोत्तरात ‘वृद्ध’ ठरल्यानंतर पाच वर्षांनी. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट २१,००० रुपयांची. रोज ३०० रुपये मजुरी धरली, तर वर्षात ७० दिवस काम केले की ही मर्यादा गाठली जाते.

आरोग्यात तर वयाचा हिशेबच नाही. सपाट भागात ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि ३०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. डोकी मोजली जातात, वय नाही. उलट तरुण बाहेर गेल्याने डोकी घटतात आणि रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या दरमहा लागणारे तेवढेच राहतात. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान कार्डावर पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. रोजच्या गोळीला त्याचा उपयोग नाही.

मग करायचे काय?

आशा सेविका तिशीपुढच्या प्रत्येकाची माहिती घरोघरी जाऊन फॉर्मवर भरतात. गावात आज खरोखर राहणारे वृद्ध किती, हे त्यातून निघू शकते. औषधांचा साठा आणि कर्मचारी त्या संख्येवर ठरवावेत. श्रावणबाळची उत्पन्नमर्यादाही मजुरीच्या आजच्या दराशी जोडावी. नाहीतर पोराच्या श्रमाचा फायदा पुण्याला आणि आई-वडिलांच्या म्हातारपणाचा भार एकट्या गावावर, हेच चालू राहील.