तक्रार वेळेत सुटली. पण कोणत्या कॅलेंडरनुसार?

‘९२ टक्के तक्रारी मुदतीत निकाली’, अशा ओळी सरकारी अहवालांत नेहमी दिसतात. त्या वाचून नागरिक विचारतो, ‘मग माझी तक्रार सहा दिवस का पडून होती?’ दोघेही खरे असू शकतात. कारण अहवालातला दिवस आणि नागरिकाचा दिवस एकच असतो असे नाही.

तक्रार नोंदवली की संगणक तारीख-वेळ टिपतो आणि ती बंद केली की पुन्हा टिपतो. या दोन नोंदींमधल्या काळातून शनिवार, रविवार आणि जाहीर सुट्ट्या वजा होतात. उरलेले कामकाजाचे दिवस ठरलेल्या मुदतीत बसले, तर तक्रार ‘वेळेत’ धरली जाते. सुट्टीच्या दिवशी कर्मचाऱ्याला दोष द्यायचा नाही, हा यामागचा विचार रास्त आहे. मात्र वजाबाकी कोणत्या यादीवरून केली, यावर उत्तर बदलते.

एक तक्रार, तीन उत्तरे

२०२५ चा सप्टेंबर आठवा. ईद-ए-मिलादची सुट्टी शुक्रवारी, ५ तारखेला होती. ६ तारखेला अनंत चतुर्दशी असल्याने राज्य सरकारने मुंबई शहर आणि उपनगर जिल्ह्यांपुरती ती आयत्या वेळी सोमवार, ८ तारखेला नेली. इतर जिल्ह्यांत ती ५ लाच राहिली.

समजा, मुंबईतल्या पाच दिवसांचा आठवडा असलेल्या एका कार्यालयात ५ तारखेला सकाळी साडेदहाला तक्रार आली आणि १० तारखेला दुपारी तीनला बंद झाली. मुदत कामकाजाच्या दोन दिवसांची, आणि मोजणी दुसऱ्या दिवसापासून. सुधारित यादीप्रमाणे ९ आणि १० हे दोनच दिवस भरतात, म्हणजे तक्रार वेळेत सुटली. संगणकात जुनीच यादी राहिली असेल, तर ८, ९ आणि १० असे तीन दिवस होतात आणि हीच तक्रार ‘उशिरा’च्या रकान्यात जाते. नागरिकाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर मात्र पाच दिवस उलटलेले असतात.

एक्सेलमध्ये ही मोजणी अशी होते. A2 मध्ये नोंदणीची वेळ, B2 मध्ये बंद झाल्याची वेळ आणि H रकान्यात सुट्ट्यांच्या तारखा:

```
=NETWORKDAYS(INT(A2)+1,INT(B2),H$2:H$30)
```

`+1` विसरलात, तर कामाच्या दिवशी आलेल्या तक्रारीचा पहिला दिवसही मोजला जातो. त्यावर उपाय म्हणून शेवटी सरसकट एक वजा केला, तर सुट्टीच्या दिवशी आलेल्या तक्रारींना एक दिवस फुकटात मिळतो.

शनिवार नेमका कोणाचा?

राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. पण रुग्णालये, पोलीस, अग्निशमन, पाणीपुरवठा यांसारख्या अत्यावश्यक सेवा त्यातून वगळल्या होत्या. वरचे सूत्र शनिवार आपोआप सुट्टी धरते. पाणीगळती दुरुस्त करणारे पथक शनिवारी कामावर असेल आणि अहवालात मात्र तो दिवस वगळलेला असेल, तर विभागाला दर आठवड्याला न मागता एक दिवसाची सवलत मिळते. अशा विभागासाठी फक्त रविवार सुट्टी धरणारे `NETWORKDAYS.INTL` वापरायला हवे. फुटलेली जलवाहिनी किंवा लोंबकळणारी वीजतार यांच्या तक्रारींची मुदत तर तासांतच मोजायला हवी, आणि त्यात सुट्टी वजा करण्याचा प्रश्नच येऊ नये.

न सुटलेल्या तक्रारी कुठे गेल्या?

सर्वांत मोठी पळवाट सुट्ट्यांत नाही. अनेकदा टक्केवारी फक्त बंद झालेल्या तक्रारींवर काढली जाते. दहा तक्रारींपैकी सहा वेळेत सुटल्या, दोन उशिरा सुटल्या आणि दोन मुदत उलटूनही प्रलंबित आहेत, असे समजा. प्रलंबित वगळल्या तर आठपैकी सहा, म्हणजे ७५ टक्के. धरल्या तर दहापैकी सहा, म्हणजे ६० टक्के. जी तक्रार कधीच सुटत नाही, ती अशा अहवालात कधीच उशिराही ठरत नाही.

म्हणून सुट्ट्या वगळण्याला आमचा विरोध नाही. विरोध आहे तो नियम न सांगता टक्केवारी छापण्याला. प्रत्येक अहवालासोबत वापरलेली सुट्ट्यांची जिल्हानिहाय यादी, विभागाचा आठवडा आणि मुदत उलटलेल्या प्रलंबित तक्रारींची संख्या द्यावी. शेजारी एक रकाना साध्या कॅलेंडरच्या दिवसांचाही असावा. पहिला आकडा कर्मचाऱ्याच्या कामाचा हिशेब देईल, दुसरा नागरिकाने काढलेल्या दिवसांचा. पुढच्या वेळी ‘९२ टक्के’ वाचलेत, तर आधी हा दुसरा रकाना मागा.