घसारा नव्हे, कायमचा फरक


यवतमाळच्या जिनिंग कंपन्यांच्या ताळेबंदात करदर कायद्यातल्या दराहून जास्त दिसतो तो घसाऱ्यामुळे, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे मला मान्य नाही. घसाऱ्यातला फरक पुढच्या वर्षांत भरून निघतो, त्याची तरतूद स्थगित करात होते. दर हलतो तो कायमच्या फरकाने.

समजा, करपूर्व नफा १० कोटी. सवलतीचा २२ टक्के कर, त्यावर १० टक्के अधिभार, मग ४ टक्के उपकर, दर २५.१६८ टक्के, कर २५१.६८ लाख. सीएसआरचे २० लाख व्यवसायखर्च म्हणून कधीच वजा होत नाहीत, त्यावर ५.०३ लाख. एकूण २५६.७१ लाख, म्हणजे २५.६७ टक्के. यातली एखादी देणगी एरवी करसवलतीस पात्र असली, तरी सवलतीचा २२ टक्के दर निवडलेल्या कंपनीला ती वजावट मिळत नाही, म्हणून हा फरक घटत नाही. ताळमेळात ‘इतर’ची रक्कम मोठी दिसली, तर भागधारकांनी तपशील जरूर मागावा.

— एक सनदी लेखापाल, यवतमाळ