एका फोटोवरून गोधडी कशी विकायची?

मुकुंदनगरातल्या एका खालांनी हाताने गोधडी शिवली. मुलाने तिचा एक फोटो काढून मला व्हॉट्सॲपवर पाठवला आणि म्हणाला, "सर, ऑनलाइन टाकायचीय. तुमची भाषा चांगली, चार ओळी लिहून द्या." मी बसल्या जागी लिहून टाकले: 'शुद्ध सुती, पारंपरिक, ऊबदार, डबल बेडसाठी योग्य.'

संध्याकाळी खालांना वाचून दाखवले तर त्या हसल्या. "बेटा, वरचं कापड नवीन सुती आहे. आत जुन्या साड्या, दोन सुती अन् एक सिंथेटिक. अन् डबल बेड कुठला? एका माणसाची आहे."

चार ओळींत दोन चुका, त्याही भाषेच्या शिक्षकाच्या. फोटोत वरचे कापड, रंग आणि धावदोरा दिसतो. आतले थर, लांबी-रुंदी आणि वजन दिसत नाही. न दिसलेली जागा मी विशेषणांनी भरली होती.

मग टेप घेऊन मोजले: पाच फूट बाय सात फूट, म्हणजे १५२ बाय २१३ सेंटिमीटर. वजन अडीच किलो. पण घडी ४५ बाय ४० बाय १५ सेंटिमीटरची झाली. बहुतेक कुरिअरवाले हा गुणाकार ५००० ने भागतात आणि दोन्ही वजनांपैकी जास्त असेल ते धरतात. म्हणजे भाडे ५.४ किलोचे! हे आधी कळले नसते, तर खालांची मजुरी भाड्यातच गेली असती. ओला पांढरा रुमाल लाल पट्टीवर घासला, तर त्याला रंग लागला. म्हणून 'पहिल्यांदा वेगळी धुवा' हेही लिहिले.

नवे वर्णन असे झाले: 'हाताने धावदोऱ्याने शिवलेली गोधडी, एका व्यक्तीसाठी, ५ × ७ फूट, अडीच किलो. वर नवीन सुती कापड. आत वापरलेल्या धुतलेल्या साड्या, त्यांपैकी एक सिंथेटिक. टाके थोडे कमी-जास्त आहेत.' सोबत मागच्या बाजूचा आणि टेप ठेवून काढलेला असे आणखी दोन फोटो.

मुलगा म्हणाला, "जुन्या साड्या लिहिलं तर कोण घेईल?" माझे मत उलटे आहे. जुन्या साडीचा मऊपणा हाच गोधडीचा गुण आहे आणि ज्याला तो हवा, तोच तिचा खरा गिऱ्हाईक. शिवाय २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार जाहिरातीत सांगितल्यासारखा माल नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. परतीचा फटका खालांनाच बसला असता.

धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा दाखवून देणाऱ्या पैगंबरांची (स.) हदीस आपण मुलांना शिकवतो. फोटो हा त्या ढिगाचा वरचा थर आहे. वर्णन लिहिणाऱ्याने आधी आत हात घालून पाहावे, मगच लेखणी उचलावी.