पावती द्या, प्रशस्तिपत्र नको

माझे आजोबा लालबागच्या चाळीत पन्नासहून जास्त वर्षं राहिले. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत सगळ्यात खाली, लग्नाच्या शालूच्याही खाली, दोऱ्यात ओवलेल्या भाडेपावत्यांचा गठ्ठा असायचा. लहानपणी त्याची गंमत वाटायची. इतके जुने, पिवळे पडलेले कागद कशाला जपायचे? बर्लिनमध्ये घर शोधायला लागलो तेव्हा आजोबांचं शहाणपण कळलं. त्या गठ्ठ्यात एकाही मालकानं ‘हे गृहस्थ सज्जन आहेत’ असं लिहिलेलं नव्हतं. अमुक महिन्याचे अमुक रुपये पोचले, एवढंच लिहिलेलं होतं. आणि तेवढं पुरेसं होतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे आणि २०२१च्या शेवटापासून बर्लिनच्या वेडिंग भागात एका खोलीच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. लग्न झालं, बायको पुण्याहून येणार होती, आणि ३१ चौरस मीटरमध्ये दोघांचं आणि दोन लॅपटॉपचं भागणार नव्हतं. म्हणून फेब्रुवारी २०२४मध्ये नवीन घराचा शोध सुरू केला. अर्जाबरोबर काय लागतं ते इथे राहणाऱ्यांना पाठ असतं: तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, शूफाचा पतअहवाल, ओळखपत्र, आणि जुन्या घरमालकाचं पत्र. या पत्राला जर्मन भाषेत ‘मीटशुल्डनफ्रायहाइट्सबेशाइनिगुंग’ म्हणतात. (मला हा शब्द न अडखळता म्हणायला दोन वर्षं लागली.) अर्थ साधा आहे: या माणसाकडे भाड्याची थकबाकी नाही, असा दाखला. बरेच मालक त्यात आणखी दोन ओळी घालतात की भाडेकरू शांत आहे, वेळेवर पैसे देतो, आम्ही त्याची शिफारस करतो.

माझं म्हणणं असं की हे पत्र मागणं बंद झालं पाहिजे. ते मिळवायला त्रास होतो हे कारण दुय्यम आहे. मुख्य कारण हे की त्या पत्रातून भाडेकरूबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही.

माझंच प्रकरण बघा. माझं ‘गरम भाडं’ ७४० युरो होतं. त्यात ५६० युरो ‘थंड भाडं’, म्हणजे नुसत्या जागेचं, आणि १८० युरो हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई यांपोटी आगाऊ. बँकेला कायमची सूचना दिली होती, त्यामुळे दर महिन्याच्या १ तारखेला पैसे जात. अशा सत्तावीस महिन्यांत एकदाही चूक झाली नाही. घर सांभाळणाऱ्या कंपनीला मी ईमेल केला, पत्र मागितलं. अकरा दिवसांनी उत्तर आलं: वार्षिक खर्चाचा हिशेब पूर्ण झाल्यावर देऊ.

उत्तर वाचायला वाजवी वाटतं. आता हिशेब करा. ते १८० युरो ही उचल असते. वर्षाचा खरा खर्च नंतर मोजतात आणि फरक वसूल करतात किंवा परत देतात. हा हिशेब भाडेकरूला द्यायला जर्मन नागरी संहितेचं कलम ५५६ मालकाला हिशेबाचं वर्ष संपल्यापासून बारा महिने देतं. आमचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर होतं. म्हणजे २०२३चा हिशेब ३१ डिसेंबर २०२४पर्यंत कधीही येऊ शकत होता, आणि मी सोडून जाणार होतो त्या २०२४चा हिशेब २०२५च्या अखेरीपर्यंत. कंपनीचं म्हणणं शब्दशः घेतलं तर घर बदलण्यासाठी लागणारा कागद मला घर बदलल्यावर दीड वर्षानं मिळणार होता.

माझ्याच मजल्यावर एक शेजारी होता. त्याचा करार माझ्यापेक्षा दहा वर्षं जुना, भाडं माझ्या निम्म्यापेक्षा थोडं जास्त, आणि तारखा चुकवण्यात तो पटाईत. दोनदा त्याच्या दाराला लावलेल्या पाकिटातलं ताकीदपत्र त्यानं स्वतःच मला हसत दाखवलं होतं. त्यानं घर सोडायचं ठरवलं तेव्हा त्याच कंपनीनं चार दिवसांत पत्र दिलं. विश्वासू, सौजन्यशील, थकबाकी शून्य. हीटिंगच्या हिशेबाची त्या वेळी कोणालाच आठवण झाली नाही. तो गेल्यावर खोलीला रंग लागला आणि ती नव्या भाड्यानं जाहिरातीत आली.

मी यात कंपनीला लबाड म्हणत नाही. तिनं आपला फायदा पाहिला, इतकंच. शेजारी गेला की तिचं उत्पन्न वाढणार होतं. मी गेलो की नुसतं काम वाढणार होतं, कारण माझं भाडं आधीच बाजारभावाला होतं. आमच्या धंद्यात एखाद्या सेन्सरचं रीडिंग मोजायच्या वस्तूपेक्षा सेन्सरच्या स्वतःच्या तापमानानं जास्त बदलत असेल तर आम्ही तो काढून टाकतो. घरमालकाचं पत्र हा असाच सेन्सर आहे. नको असलेल्या भाडेकरूला पत्र लवकर आणि गोड मिळतं. ज्याच्याकडून नियमित पैसे येतात त्याला घालवायची घाई कोणाला असते?

यावर माझे बरेच मित्र म्हणतात की मग पत्र मिळणं हा भाडेकरूचा हक्कच करून टाका. हा प्रश्न जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत गेला होता. कार्ल्सरूहच्या बुंडेसगेरिष्ट्सहोफनं ३० सप्टेंबर २००९ला निकाल दिला की असा दाखला देणं मालकाला बंधनकारक नाही. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा चिडलो. नंतर लक्षात आलं की न्यायालयाचं बरोबर आहे. ‘काहीही येणं नाही’ असं सही करून दिलं की पुढे एखादं जुनं येणं निघाल्यावर तेच पत्र मालकाच्या विरोधात पुढे केलं जाऊ शकतं. तो हात आखडता घेणारच.

आणि हक्क दिला असता तर काय झालं असतं, याचं उदाहरण याच देशात शेजारच्या कायद्यात आहे. नोकरी सोडणाऱ्याला लेखी प्रमाणपत्र मागण्याचा हक्क आहे, आणि ते त्याच्या वाटेत अडथळा आणणारं असता कामा नये. परिणाम? सगळीच प्रमाणपत्रं स्तुतीची झाली आणि खरं मत सांकेतिक भाषेत लपलं. ‘नेहमीच आमच्या पूर्ण समाधानाप्रमाणे काम केलं’ म्हणजे छान. त्यातलं ‘नेहमीच’ आणि ‘पूर्ण’ काढलं, नुसतं ‘आमच्या समाधानाप्रमाणे’ ठेवलं, की वाचणारा एचआरवाला समजतो की माणूस जेमतेम. भाडेकरूंसाठीही अशीच भाषा तयार झाली असती. ‘ते आमच्याशी नेहमी बोलत असत’ म्हणजे भांडकुदळ, वगैरे.

मालकाची भीती खोटी नाही, हे मान्य करायला हवं. दोन महिन्यांचं भाडं थकलं की इथे तडकाफडकी करार मोडता येतो. पण दावा दाखल झाल्यावर भाडेकरूनं दोन महिन्यांत सगळी थकबाकी भरली तर ती तडकाफडकी नोटीस बहुधा रद्द ठरते. घर रिकामं व्हायला खूप वेळ जाऊ शकतो. अनामतही थंड भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. अशा वेळी मालकाला खात्री हवी असणं साहजिक आहे. पण खात्री कशाची? पैसे वेळेवर येतील याची. मग ज्या ठिकाणी ते लिहिलेलं आहे तिथे बघा.

त्याच २००९च्या निकालातली दुसरी बाजू फार कमी लोकांना माहीत असते. पत्राचा हक्क नाही, पण मिळालेल्या पैशांच्या पावतीचा आहे: कलम ३६८. मागितली तर मालकाला द्यावी लागते. मी दुसरा ईमेल त्या कलमाचा उल्लेख करून लिहिला. स्तुती नको, शिफारस नको, गेल्या सत्तावीस महिन्यांत माझ्याकडून कोणत्या तारखेला किती रक्कम मिळाली ते कळवा. नऊ दिवसांत त्यांच्या हिशेब खात्याकडून माझ्या भाडेखात्याचा उतारा आला. सत्तावीस ओळी. सोबत मी बँकेचं स्टेटमेंट जोडलं, भाड्याखेरीज बाकी सगळ्या नोंदी काळ्या करून; मी कुठे जेवतो ते नव्या मालकाला कळायचं कारण नाही.

ज्यांना तरीही पत्रच हवं होतं त्यांच्यासाठी मी मजकूर स्वतः लिहून कंपनीला सहीसाठी पाठवला. त्यात घराचा पत्ता, कराराची तारीख, मासिक रक्कम, आणि एक वाक्य: ‘आजमितीस या करारातून कोणतीही देय झालेली रक्कम बाकी नाही, अद्याप न झालेला वार्षिक खर्चाचा हिशेब यात धरलेला नाही.’ हे उत्तरार्धाचं वाक्य घातल्यावर त्यांची अडचण संपली, दोन दिवसांत सही झाली. तुम्हाला आत्ता पत्र हवं असेल तर असंच करा. मालकाला मसुदा लिहायला लावू नका, आणि पत्रावर तारीख असू द्या. तारखेविना ‘थकबाकी नाही’ याला अर्थ नाही.

‘पण आवाज, पार्ट्या, भिंतीला भोकं, हे बँकेच्या उताऱ्यात कुठे दिसतं?’ असं आईनं फोनवर विचारलं. पुण्यात वाकडला आमचा एक फ्लॅट भाड्यानं दिलेला आहे, त्यामुळे ती मालकाच्या बाजूनं बोलत होती. खरं आहे, दिसत नाही. पत्रातही दिसत नाही. भोकांसाठी अनामत असते, आणि चावी घेताना-देताना खोलीखोलीची नोंद करून दोघांनी सही केलेला कागद असतो.

आईला मी विचारलं, तू नवा भाडेकरू घेताना काय करतेस? ‘एजंट त्याच्या जुन्या मालकाला फोन करतो.’ आणि जुना मालक काय म्हणतो? ‘चांगलेच आहेत म्हणतो रे. सगळेच म्हणतात.’ मागच्या वेळी असंच चांगले म्हणवले गेलेले दोघं तीन महिन्यांचं भाडं आणि विजेचं बिल थकवून गेले, ते तिच्या लक्षात होतं. त्यांचा अकरा महिन्यांचा करार संपत आलाय आणि ते एकदाचे जातायत, हे त्या जुन्या मालकानं फोनवर कशाला सांगितलं असतं?

मुंबईच्या चाळीतल्या मालकालाही पावती चुकवता येत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ३१: मिळालेल्या रकमेची पावती देणं सक्तीचं. भाडेकरूच्या स्वभावाबद्दल मालकानं काही लिहावं असं ते कलम म्हणत नाही.

मला घर मिळालं ते पाचव्या अर्जाला. पहिल्या तिघांनी ठराविक नमुन्यातलं पत्र नाही म्हणून फाइल उघडलीच नाही. चौथ्यानं उत्तर दिलं नाही. पाचवी मालकीण निवृत्त लेखापाल होती. तिनं उतारा घेतला, चष्मा वर केला आणि बोट ठेवत सत्तावीस तारखा वाचल्या. एका महिन्यात १ तारखेऐवजी ३ तारीख होती, तिथे थांबली. १ तारखेला शनिवार होता, मी म्हणालो. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरची जुनी पानं उलटून पाहिली आणि मग चहा विचारला.