हजार विटा आणि त्रेसष्ट खेपा

विद्यानगरात आणि आसपास जुनी घरं पाडून नवीन बांधायचं काम जोरात आहे. ज्या बोळात टेम्पो शिरत नाही, तिथे विटा-वाळू गाढवावरून येते. गाढवाच्या पाठीवर जखम दिसली की आपण म्हणतो, "काय निर्दय माणूस आहे हा गाढववाला!" माझं म्हणणं स्पष्ट आहे: ती जखम आपल्या बिलातून येते.

हिशोब करून बघा. ओझेवाहू जनावरांसाठी केंद्र सरकारचे १९६५ चे नियम आहेत. त्यात गाढवावर जास्तीत जास्त ५० किलो, तट्टावर ७० आणि खेचरावर २०० किलो ओझं सांगितलंय. साधी वीट साधारण तीन किलोची. म्हणजे एका गाढवावर १६ विटा, दोन्ही बाजूंना आठ-आठ. हजार विटांना ६३ खेपा झाल्या. गाढवं तीन असतील तर प्रत्येकाला २१ फेऱ्या. आता तुमच्या दारात तीन गाढवांनी दहा फेऱ्यांतच हजार विटा उतरवल्या, तर प्रत्येकावर ३३ विटा, म्हणजे जवळजवळ १०० किलो होतं. वजनकाटा लागत नाही, फेऱ्या मोजल्या की कळतं. आणि आपण दर ठरवतो तो हजारी. त्यात घासाघीस करून "संध्याकाळपर्यंत संपवा" म्हणतो. मग तो माणूस १६ विटा कशाला लादेल?

"गाढव आहे ते, सोसतं," असं उत्तर मिळतं. सोसतं हीच अडचण आहे. घोडा दुखलं की लगेच दाखवतो. गाढव गप्प उभं राहतं. ते खाणं कमी करतं, मान खाली टाकतं, मधेच थांबतं. आपण त्याला अडेलपणा म्हणतो आणि काठी बसते.

पाठीची जखम एका दिवसात होत नाही. गोणपाट सरळ कण्यावर टाकून वर ओझं बांधलं की हाडावर दाब येतो आणि तिथलं रक्त अडतं. खोगीर असं हवं की कण्याच्या दोन्ही बाजूंना जाड गाद्या असतील आणि मधे कण्यावर मोकळी फट राहील. एका बाजूला दहा आणि दुसरीकडे सहा विटा असल्या तर खोगीर घसरतं आणि कातडी घासते. ओझं उतरवल्यावर हात फिरवून बघावं. सगळी पाठ घामाने ओली आणि मधेच एक कोरडा डाग असेल, तर दाब तिथेच पडतोय. मग सूज येते, गरम लागतं, केस झडतात. जुन्या जागी पांढरे केस उगवतात, तो मागच्या जखमेचा दाखलाच असतो. उपाय एकच, विश्रांती. मिठाच्या कोमट पाण्याने धुवावं, माश्या बसू देऊ नयेत आणि कातडी भरेपर्यंत ओझं बंद. वर जळकं ऑइल चोपडून पुन्हा लादलं तर जखम आतून वाढते. जखमी जनावर कामाला लावणं १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तो फक्त मालकाला लागू होत नाही.

खुरांकडे तर कोणी बघतच नाही. गाढवाचं खूर मऊ, पाणी शोषणारं. पावसाळ्यात चिखलात उभं राहिलं की खुराचा तळ कुजतो, वास येतो. रोज संध्याकाळी अडकलेले खडे काढायला दोन मिनिटं लागतात; दर सहा ते दहा आठवड्यांनी वाढलेलं खूर जाणकाराकडून कापून घ्यावं लागतं. खूर वाढलं की चाल बिघडते, आणि बिघडलेल्या चालीने ओझं पुन्हा पाठीवर घासतं.

चाऱ्याचं म्हणाल तर शंभर-सव्वाशे किलोच्या गाढवाला रोज दोन-अडीच किलो कडबा पुरतो; काम जड असेल तर थोडं जास्त. पाणी मात्र स्वच्छ लागतं, गढूळ असेल तर ते तहानलेलं राहील पण पिणार नाही. काम संपल्यावर मोकळं सोडलेलं गाढव आपल्याच कचऱ्यातली प्लास्टिकची पिशवी गिळतं आणि पोटदुखीने जातं.

म्हणून मला "गाढवं बंद करा" हा आग्रहही पटत नाही. त्याने गाढववाल्याचं घर बसेल आणि गाढव रस्त्यावर येईल. त्यापेक्षा मजुरी खेपेवर ठरवा, खेपेला १६ विटा. नियमाप्रमाणे पारा ३७ अंशांवर गेला की दुपारी १२ ते ३ काम नाही; सलग पाच तासांवर नाही आणि दिवसात नऊ तासांवर नाही. दारात एक बादली पाणी ठेवा. हजार विटांमागे काही रुपये जास्त पडतील, खरंय. लाखोंच्या घराच्या हिशोबात ती रक्कम कुठल्या खात्यात लिहायची एवढाच प्रश्न आहे. आज ती गाढवाच्या पाठीवर लिहिली जाते.